जांभईला जांभई: ही लागण खरी की योगायोग, आणि तिचा उपयोग काय?

गवाक्ष (धागाकर्ता)

या विषयावर चर्चा निघाली की दोन प्रश्नांची नेहमी सरमिसळ होते, म्हणून आधी ते वेगळे करतो. पहिला प्रश्न, जांभई का येते? दुसरा, दुसऱ्याची बघून आपल्याला का येते?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे वयावरूनच कळतं. गर्भ साधारण अकराव्या आठवड्यापासून जांभया देताना सोनोग्राफीत दिसतो. लागणीने येणारी जांभई मात्र मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर ठळकपणे दिसू लागते. तान्ह्या बाळासमोर आईने कितीही जांभया दिल्या तरी बाळ ढिम्म. प्राण्यांतही तसंच. आपोआप येणारी जांभई पाठीचा कणा असलेल्या बहुतेक प्राण्यांत सापडते, लागण मात्र मोजक्यांतच. जुन्या घरावर नंतर मजला चढवावा तशी ही लागण आलेली दिसते.

मला चर्चा हवी आहे ती या वरच्या मजल्याची. लागण होते हे कशावरून ठरवलं? आणि 'ज्याला दुसऱ्याचं मन कळतं त्याला लवकर लागते' हे सगळीकडे छापून येणारं विधान कितपत टिकतं?

सरळमार्गी

इतकं अवघड करायला नको. रक्तात ऑक्सिजन कमी झाला, कार्बन डायऑक्साइड वाढला की जांभई येते. बंद खोलीत दहा माणसं बसली की हवा सगळ्यांचीच खराब होते, म्हणून सगळे एकापाठोपाठ जांभया देतात. यात लागण वगैरे काही नाही.

टोकदार

तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग घेण्यासारखा आहे, तो पुढे घेते. आधी ऑक्सिजनचं बघू.

ही कल्पना १९८७ मध्ये अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांनी थेट तपासली. लोकांना शुद्ध ऑक्सिजन दिला, जांभया कमी झाल्या नाहीत. मग हवेत ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून दिला. नेहमीच्या हवेत तो अर्ध्या टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, म्हणजे ही मात्रा केवढी झाली बघा. लोकांचा श्वास जोरात चालू लागला, पण जांभया वाढल्या नाहीत. व्यायामानेही धाप वाढली, जांभया तेवढ्याच. शिवाय गर्भ तर पाण्यातच असतो, त्याला कुठली हवा आत घ्यायची आहे?

आता पटणारा अर्धा भाग. एका खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी जांभया येण्याचं कारण सामाईक असू शकतं: दुपारची वेळ, रटाळ भाषण, उकाडा. एकाची बघून दुसऱ्याला आली असं वाटतं, प्रत्यक्षात दोघांनाही तिसऱ्याच गोष्टीमुळे आलेली असते. लागण मोजणाऱ्याला सगळ्यात आधी ही शंका दूर करावी लागते.

सरळमार्गी

मग मी म्हणालो ते खोटं कुठे? टीव्हीवरच्या एका गाजलेल्या विज्ञान कार्यक्रमात ५० जणांवर प्रयोग करून लागण खरी आहे असं दाखवलं होतं. ज्यांच्यासमोर जांभई दिली त्यांच्यातले २९ टक्के जांभया देत होते, बाकीच्यांतले २५ टक्के. त्यांना हा पुरावा वाटला. मला तर हा फरक फुटकळ वाटतो.

टोकदार

फुटकळच आहे. तुम्ही आकडे आणलेच आहेत तर सोडवून बघू, कारण हे उदाहरण फार बोलकं आहे.

त्या ५० पैकी ३४ जणांसमोर जांभई दिली, त्यातल्या १० जणांना आली. उरलेल्या १६ जणांसमोर दिली नाही, त्यातल्या ४ जणांना आली. ३४ पैकी १० म्हणजे २९ टक्के, १६ पैकी ४ म्हणजे २५. आता त्या लहान गटात फक्त एका माणसाला आणखी जांभई आली असती तर? १६ पैकी ५, म्हणजे ३१ टक्के. मग 'जांभई बघितल्याने जांभया कमी होतात' असा निष्कर्ष निघाला असता! एका माणसाच्या डुलकीवर निकाल उलटत असेल, तर त्या प्रयोगाने हो किंवा नाही काहीच सांगितलेलं नाही.

पण म्हणून लागण खोटी ठरत नाही. तो प्रयोग लहान होता, शिवाय त्यात जांभई एकदाच आणि ओझरती दाखवली. प्रोव्हाइनच्या १९८६ च्या प्रयोगात पाच मिनिटांच्या चित्रफितीत ३० जांभया होत्या, आणि तुलनेसाठी दुसऱ्या फितीत ३० वेळा हसणारा चेहरा. जांभया बघणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांनी जांभई दिली, हसू बघणाऱ्यांपैकी २१ टक्के. हे २१ टक्केच महत्त्वाचे. ती माणसं नुसतं पडद्यासमोर बसून कंटाळली म्हणून जांभया देत होती. लागण मोजायची ती त्याच्या वर.

पाऊलवाट

छान माहिती. एक शंका आहे. संसर्गजन्य आहे म्हणता, तर मास्क लावला की जांभईचा संसर्ग थांबेल का? बैठकीत शेजारच्याने मास्क लावावा की मी लावावा?

गवाक्ष

पाऊलवाट, इथे जंतू-विषाणू काही नाही हो. शब्दाने घोळ केला. लागण डोळ्यांतून आणि कानांतून होते.

तरी प्रश्न वाया गेला नाही, कारण जवळपास हाच प्रयोग झालेला आहे. प्रोव्हाइनने जांभई देणाऱ्या चेहऱ्याच्या फितीतून तोंड पुसून टाकलं. अंदाज असा की वासलेला जबडा गेला की लागण जाणार. तसं झालं नाही. तोंड नसलेला चेहरा जवळजवळ पूर्ण चेहऱ्याइतकाच लागू पडला. उलट नुसतं उघडं तोंड दाखवलं तर परिणाम गेला. एकटं तोंड गात असेल, ओरडत असेल, काहीही करत असेल. मिटत जाणारे डोळे, ताणलेले गाल, मागे झुकणारं डोकं या सगळ्यावरून आपण ओळखतो. चेहरा आडवा किंवा उलटा दाखवला तरी चालतं.

म्हणजे शेजारच्याने मास्क लावला तरी तुमची सुटका नाही. आणि बघितलंच पाहिजे असंही नाही, जांभईचा नुसता आवाज ऐकून येते, तिच्याविषयी वाचूनही येते. इथपर्यंत वाचणाऱ्यांनी हात वर करा.

पाऊलवाट

दोन झाल्या. :) पण मग बैठकीत थांबवायची कशी? दाबून धरली तर?

टोकदार

दाबून उपयोग नाही. नॉटिंगहॅमच्या गटाने २०१७ मध्ये ३६ जणांना जांभयांच्या फिती दाखवल्या. कधी सांगितलं येऊ द्या, कधी सांगितलं दाबा. दाबायला सांगितल्यावर पूर्ण जांभया कमी आणि अर्धवट गिळलेल्या जास्त झाल्या, पण जांभई यावी ही ऊर्मी उलट वाढली. त्याच लोकांच्या मेंदूतला हालचालींचा भाग बाहेरून चुंबकीय ठोके देऊन तपासला. कोणाला किती लागण होते यातला जवळपास निम्मा फरक तो भाग मुळात किती चटकन उत्तेजित होतो यावरून सांगता आला. याचा अर्थ ही बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या यंत्रणेची ठेवण आहे, शिष्टाचाराचा प्रश्न कमी.

करून बघायचं तर तोंड मिटून नाकाने श्वास घ्या, किंवा कपाळाला गार ओला रुमाल लावा. का, ते गवाक्ष सांगतील, गारव्याचं प्रकरण त्यांचं आवडतं आहे.

कडुलिंब

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. मला कोणाची न बघताच जांभया येतात. नैराश्यावरची नवीन गोळी सुरू झाली त्याच आठवड्यापासून. झोप पुरेशी होते, तरी तासाला दहा-बारा. मन कमकुवत झालं की लागण जास्त होते असं काही आहे का?

निशाचर

कडुलिंब, हे लागणीचं नाही आणि मन कमकुवत असण्याचंही नाही. मेंदूत सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांचा हा माहितीतला दुष्परिणाम आहे. झोप येत नसतानाही जांभया येतात, ही त्याची खूण. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना सुरू झाल्याची तारीख आणि तासाला किती येतात हा आकडा सांगा. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून बहुधा सुटतं. स्वतःहून गोळी एकदम बंद करू नका, तिचा वेगळा त्रास होतो.

इतरांसाठी: अर्धशिशी असणाऱ्यांना डोकं दुखू लागण्याच्या कितीतरी आधी जांभयांची रांग लागते, काहींना ती पूर्वसूचना म्हणून उपयोगी पडते. चक्कर येऊन पडण्याच्या आधीही येतात. पण जांभयांबरोबर एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणं अडखळणे असं काही अचानक झालं तर धागे वाचत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावं.

अवांतर: पक्षाघाताने लुळा पडलेला हात जांभई देताना आपोआप वर उचलला जातो, असे रुग्ण नोंदवलेले आहेत. सांगून हात हलत नाही, जांभईत हलतो. म्हणजे जांभईचा हुकूम मेंदूच्या वेगळ्या, जुन्या वाटेने खाली जातो.

कडुलिंब

धन्यवाद. तारीख लिहून ठेवली आहे.

गवाक्ष

आता सहानुभूतीच्या विधानाकडे येतो, मूळ प्रश्न तोच होता.

बाजूने सगळ्यात भक्कम काम इव्हान नॉर्शिया आणि एलिझाबेत्ता पालाजी यांचं, २०११ चं. त्यांनी प्रयोगशाळेत फिती दाखवल्या नाहीत. इटली आणि मादागास्करमध्ये लोक जेवताना, प्रवासात, कामावर असताना गुपचूप नोंदी ठेवल्या: कोणी दिली, कोणी बघितली, बघणाऱ्याला आली का, किती वेळाने. लागण सर्वांत जास्त घरच्यांत, मग मित्रांत, मग ओळखीच्यांत, अनोळखी लोकांत सर्वांत कमी. घरच्यांची जांभई लवकरही लागते. जवळीक वाढते तशी लागण वाढते, म्हणून मुळाशी भावनिक नातं, असा त्यांचा युक्तिवाद.

मला हे बरंचसं पटतं.

टोकदार

नोंदी पटतात, अर्थ पटत नाही. आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे आपण जास्त वेळा आणि जास्त वेळ बघतो. अनोळखी माणूस जांभई देऊ लागला की उलट नजर वळवतो. मग फरक नजरेचा की भावनेचा? तो निरीक्षणातून सुटत नाही.

ड्यूक विद्यापीठाचं २०१४ चं काम बघा. ३२८ निरोगी माणसं, तीन मिनिटांची जांभयांची फीत. २२२ जणांना किमान एकदा आली, कोणाला शून्य, कोणाला १५ पर्यंत. पुन्हा बोलावून तपासलं तरी ज्याचा आकडा मोठा त्याचा मोठाच राहिला, म्हणजे हा माणसाचा टिकाऊ गुण आहे. मग त्याची सांगड घालून बघितली: सहानुभूतीच्या प्रश्नावलीतले गुण, थकवा, दिवसाची वेळ. कशाशीही ठळक जुळलं नाही. जुळलं फक्त वयाशी, वय वाढतं तशी लागण कमी, आणि तेही एकूण फरकातला ८ टक्के भागच सांगतं. बाकी ९२ टक्के कशामुळे, ते मोकळंच.

गवाक्ष

नजरेच्या आक्षेपाला नॉर्शिया-पालाजींच्या गटाने २०२० मध्ये उत्तर दिलं आहे. फक्त ऐकू आलेल्या, न बघितलेल्या जांभया मोजल्या. तिथेही घरचे आणि मित्र यांचीच जास्त लागली. कान तर वळवता येत नाहीत.

टोकदार

कान वळवता येत नाहीत, पण लक्ष वळवता येतं. दहा आवाजांत घरच्याचा खोकला आपण बरोबर ओळखतो. ऐकलेल्या जांभयांनी माझा आक्षेप कमजोर केला हे मान्य, संपवला नाही.

लक्ष किती मोठी गोष्ट आहे याचा एक पुरावा स्वमग्न मुलांच्या अभ्यासांत आहे. २००७ मध्ये जपानी गटाला दिसलं की या मुलांना जांभई कमी लागते, आणि लगेच 'सहानुभूती कमी म्हणून' असं सगळीकडे लिहून आलं. २०१३ मध्ये त्याच दिशेच्या कामात मुलांची नजर चेहऱ्यावर आहे याची खात्री करून फीत दाखवली, तर फरक दिसला नाही. बहुधा ती मुलं चेहऱ्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या मनाविषयी काढलेला निष्कर्ष नजरेविषयीचा निघाला. मुलांवर असा शिक्का मारण्याआधी एवढी खातरजमा व्हायला हवी होती.

सरळमार्गी

म्हणजे नक्की काहीच नाही. मग लागणीचा उपयोग तरी काय?

गवाक्ष

इथे गारव्याचं प्रकरण येतं. जांभईचे अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू गॅलप यांचा अंदाज असा की जांभई मेंदूचं तापमान थोडं खाली आणते. जबडा ताणला की चेहरा-मानेतल्या रक्ताचा ओघ वाढतो, आत घेतलेली हवा शरीरापेक्षा गार असते, आणि परत जाणारं रक्त थोडं निवून जातं.

कल्पनेची परीक्षा तिच्या भाकितांवर होते. २००७ च्या प्रयोगात जांभयांची फीत बघताना काहींच्या कपाळाला गार पट्टी, काहींच्या कपाळाला गरम किंवा साधी पट्टी. गरम-साध्या गटात ४१ टक्क्यांना लागण झाली, गार गटात ९ टक्क्यांना. फक्त नाकाने श्वास घ्यायला सांगितलेल्यांत एकालाही नाही. पाऊलवाट, तुमचा ओला रुमाल इथून आला.

दुसरं भाकीत जास्त धाडसी आहे. बाहेरची हवाच शरीराइतकी तापलेली असेल तर जांभईने गारवा मिळणार नाही, म्हणून ती कमी व्हावी. आणि कडाक्याच्या थंडीत गरजच नाही, म्हणून तेव्हाही कमी. अमेरिकेतल्या टूसान शहरात रस्त्यावरच्या लोकांना जांभयांची चित्रं दाखवली: हिवाळ्यात २२ अंशांना ४५ टक्के, उन्हाळ्यात ३७ अंशांना २४ टक्के. नंतर व्हिएन्नात तेच केलं. तिथला उन्हाळा १९ अंशांचा, त्यात जवळपास ४२ टक्के, हिवाळ्यात दीडेक अंशाला १८ टक्के. एका शहरात हिवाळा जास्त, दुसऱ्यात उन्हाळा. ऋतू उलटा झाला, पण तापमान तेच राहिलं, विशीच्या आसपास. नुसती झोप किंवा कंटाळा हे सांगू शकत नाही.

निशाचर

टूसान-व्हिएन्नाचा मेळ सुंदर आहे, पण तिथे लोकांनी 'मला आली' असं स्वतःच सांगितलेलं मोजलं आहे. आणि मुख्य अडचण वेगळी. सहा सेकंदांच्या हवेने मेंदूसारख्या सतत गरम रक्त मिळणाऱ्या अवयवाचं तापमान कितीसं उतरेल? याच मुद्द्यावर टीका झाली आहे. नाकाच्या श्वासाचा निकालही मला खटकतो. तोंड मिटून ठेवा असं सांगितलेला माणूस जांभई देणार कशी? जांभईला जबडा उघडावाच लागतो, दात घट्ट मिटून दिलेली अर्धवट वाटते.

एक भर मात्र घालतो: 'जांभईने झोप उडते, तरतरी येते' हे जास्त लोकप्रिय उत्तर मेंदूच्या विद्युतलहरींत दिसलेलं नाही. पेंगुळलेल्या लोकांत जांभईच्या आधी आणि नंतर लहरी तपासल्या, जागेपणा वाढला नव्हता.

टोकदार

गारवा खरा धरला तरी तो खालच्या मजल्याचं उत्तर आहे. माझा मेंदू तापला म्हणून मी जांभई दिली, ठीक. शेजाऱ्याने का द्यावी?

गवाक्ष

त्याला गटाच्या सावधपणाचं उत्तर देतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं की एका सिंहाची जांभई दुसऱ्याला लागली, की त्यानंतर पहिला उठला तर दुसराही उठण्याची शक्यता ११ पट होती. जांभई लागली नाही तर असं होत नव्हतं. सगळ्यांनी एकदमच झोपेतून कामाला लागायचं असेल तर ही सोय बरी. माणसांवर गॅलपनी केलेल्या प्रयोगात इतरांच्या जांभया बघितल्यावर चित्रांमधले साप लवकर सापडले, बेडूक शोधण्यात फरक पडला नाही.

टोकदार

सिंहांची जांभई आणि उठणं, दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीमुळे होत असतील, ऊन उतरलं म्हणून! सरळमार्गींच्या पहिल्याच प्रतिसादाकडे परत आलो आपण.

सरळमार्गी

म्हटलं ना. :) कोणाला स्वतः करून बघायचं असेल तर कसं करावं? त्या टीव्हीवाल्यांसारखं फसायचं नाही.

टोकदार

दोन फिती करा, प्रत्येकी पाच मिनिटांच्या, तेच चेहरे: एकीत जांभया, दुसरीत हसू. माणसं एकेकटी बसवा, नाहीतर शेजाऱ्याची लागेल. कोणाला कुठली फीत ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दोन्ही गटांची वेळ सारखी वाटा, सगळ्या जांभया दुपारी आणि सगळी हसू सकाळी नकोत. बोलावताना 'जांभई' हा शब्द काढू नका, 'चेहऱ्यांवरचे भाव' म्हणा, आणि चित्रण होणार याची परवानगी घ्या. कॅमेरा मात्र नजरेत भरणारा नको, कोणी बघतंय या जाणिवेने जांभया कमी होतात.

मोजणाऱ्याला कुठली फीत चालू आहे ते कळू देऊ नका. आणि जांभई म्हणजे काय ते आधी ठरवा: सावकाश लांब श्वास आत, जबडा पूर्ण उघडा, मग छोटा उच्छ्वास, सगळं मिळून सहाएक सेकंद. नाकपुड्या फुलवून गिळलेली वेगळ्या रकान्यात टाका, नाहीतर नंतर निकालाला सोयीची पडेल तशी मोजली जाते.

आणि माणसं पुरेशी घ्या. लागण नसताना २५ टक्के आणि असताना ५० टक्के असा चांगला मोठा फरक धरला, तरी तो खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साठेक लागतात. १६ नाही.

पाऊलवाट

एकशेवीस माणसं! वाचतानाच पाचवी आली.